सहा वाटा आणि पंचाहत्तरावं वर्ष

एसटीच्या बसमध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे आणि ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना निम्मं भाडं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेली ही अमृत ज्येष्ठ नागरिक योजना. पुढे मार्च २०२३ मध्ये महिला सन्मान योजना आली आणि सगळ्या महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत मिळाली. लहान मुलांचं अर्धं तिकीट तर जुनंच आहे. आता ज्या गृहस्थांना नुकतीच पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली, त्यांना निम्मं तिकीट फाडायचं की मोफत न्यायचं? ‘६५ ते ७५’ म्हटलं तर ते पहिल्या गटात बसतात, ‘७५ वर्षांवरील’ म्हटलं तर दुसऱ्या. कंडक्टर आधार कार्डावरची जन्मतारीख बघून काहीतरी ठरवेल. त्याच्या हातातल्या तिकीट मशीनचा प्रोग्राम मात्र `>` आणि `>=` यांतलं कोणतं चिन्ह लिहिलं आहे एवढंच बघणार.

सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न नेमका इथेच बोट ठेवतो. आठ-दहा ओळींचं एक फंक्शन देतात आणि दोन गोष्टी विचारतात: याची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी काढा आणि याच्यासाठी बाउंडरी व्हॅल्यू टेस्ट केसेस लिहा. दोन्हींचे गुण वेगळे, म्हणून विद्यार्थी ते दोन सुटे प्रश्न समजून सोडवतात. पहिल्यात सूत्र घालायचं, दुसऱ्यात तक्ता भरायचा. दोन्ही उत्तरं एकाच फंक्शनवर शेजारी ठेवून पाहिली, की पहिलं जिथे आंधळं आहे तिथे दुसऱ्याला दिसतं आणि दुसरं जे विसरतं ते पहिलं आठवून देतं.

एसटीचेच नियम थोडे सोपे करून परीक्षेत शोभेल असा प्रश्न तयार करता येतो. वय पूर्ण वर्षांत मोजायचं आणि ते ० ते १२० यांच्या बाहेर असेल तर नाकारायचं. पाच वर्षं पूर्ण होईपर्यंत प्रवास मोफत. पाच पूर्ण झाल्यापासून बारा पूर्ण होईपर्यंत निम्मं भाडं. पासष्ट पूर्ण झाली की पुन्हा निम्मं आणि पंचाहत्तर पूर्ण झाली की मोफत. या मोफत गटांत न बसणाऱ्या सर्व महिलांना निम्मं भाडं, उरलेल्यांना पूर्ण. यावर कुणीतरी सी भाषेत हे फंक्शन लिहिलं:

```c
int bhade(int vay, int mahila, int purn)
{
    int rakkam = purn;
    if (vay < 5 || vay >= 75)
        rakkam = 0;
    else if (vay < 12 || vay >= 65 || mahila)
        rakkam = purn / 2;
    return rakkam;
}
```

`vay` म्हणजे वय, `purn` म्हणजे पूर्ण भाडं. प्रवासी महिला असेल तर `mahila` ची किंमत १, नसेल तर ०. मधल्या दोन उभ्या रेघा म्हणजे ‘किंवा’.

तीन की सहा?

सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी काढण्यासाठी आधी फंक्शनचा कंट्रोल फ्लो ग्राफ काढतात. प्रोग्राम जिथे काही करतो किंवा काही तपासतो ती प्रत्येक जागा म्हणजे एक गोल, नोड. एका नोडवरून दुसऱ्यावर जाणारा बाण म्हणजे एज. मग एजची संख्या E आणि नोडची संख्या N सूत्रात घालायची:

```
V(G) = E - N + 2
```

प्रत्येक `if` ला एक गोल दिला, तर या फंक्शनचा ग्राफ अगदी आटोपशीर होतो. पहिला `if`, शून्य रक्कम, दुसरा `if`, निम्मी रक्कम आणि शेवटचा `return` असे पाच नोड. त्यांना जोडणारे बाण सहा. ६ − ५ + २ = ३. पडताळा घ्यायचा तर आणखी सोपी रीत आहे: निर्णयाच्या जागा मोजायच्या आणि त्यात एक मिळवायचा. `if` दोन आहेत, म्हणून २ + १ = ३. दोन्ही रीतींनी उत्तर एकच आलं, म्हणून विद्यार्थी निश्चिंत होतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

पण पहिल्या `if` मध्ये प्रश्न एक नाही, दोन आहेत. वय पाचपेक्षा कमी आहे का? नसेल, तर पंचाहत्तर किंवा त्याहून जास्त आहे का? सी भाषेत `||` च्या डावीकडची अट खरी निघाली तर उजवीकडची तपासलीच जात नाही. म्हणजे तिथे खरोखरच एक फाटा फुटतो, फक्त तो एकाच ओळीत दडलेला असतो. दुसऱ्या `if` मध्ये असे तीन प्रश्न आहेत. प्रत्येक अटीला तिचा स्वतःचा गोल दिला, की ग्राफ बदलतो. पाच अटी, शून्य रक्कम, निम्मी रक्कम आणि `return` मिळून नोड होतात आठ. पाच अटींमधून प्रत्येकी दोन बाण निघतात, ते दहा. दोन्ही रकमांपासून `return` कडे जाणारे आणखी दोन. एकूण बारा. १२ − ८ + २ = ६.

हे मोजमाप ज्यांनी मांडलं, त्या थॉमस मॅकेब यांची बाजू सहाच्या उत्तराकडे आहे. मॅकेब अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीत काम करत होते. डिसेंबर १९७६ मध्ये आयट्रिपलईच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या नियतकालिकात त्यांचा निबंध छापून आला. त्यात त्यांनी ‘आणि’ने जोडलेल्या दोन अटी म्हणजे दोन निर्णय असंच धरलं होतं. पुढच्याच वर्षी ग्लेनफर्ड मायर्स यांनी सुचवलं, की एकच आकडा सांगण्यापेक्षा दोन्ही सांगावेत: `if` मोजून येणारा खालचा आणि अटी मोजून येणारा वरचा. त्या हिशेबाने आपल्या फंक्शनचं उत्तर होईल ‘३ ते ६’.

पेपर लिहिणाऱ्याने यातलं कोणतं लिहावं? प्रश्नात ‘अटींच्या पातळीवर’ असं काही म्हटलं नसेल, तर ग्राफ काढताना जोडअट फोडली आहे की नाही हे स्पष्ट लिहून मगच आकडा द्यावा. नुसतं ‘V(G) = 3’ लिहिलं तर परीक्षकाला विद्यार्थ्याने विचार करून तीन लिहिले की दडलेले फाटे त्याला दिसलेच नाहीत, हे कळायला मार्ग नसतो. आणि टेस्टिंगच्या दृष्टीने सहाच कामाचे आहेत, कारण पुढच्या टेस्ट केसेस त्यावरूनच निघतात.

सहाही वाटा चालून झाल्या, तरीही

कॉम्प्लेक्सिटी सहा आली याचा अर्थ, फंक्शनच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत जाणारे सहा स्वतंत्र मार्ग निवडले की ग्राफमधला प्रत्येक बाण निदान एकदा तरी वापरला जातो. स्वतंत्र मार्ग म्हणजे आधीच्या मार्गांची बेरीज-वजाबाकी करून जो मिळत नाही असा. या फंक्शनमध्ये एकूण मार्गच सहा आहेत, त्यामुळे निवडीचा प्रश्न येत नाही. पूर्ण भाडं १०० रुपये धरलं, तर प्रत्येक मार्गासाठी एक प्रवासी पुरतो.

तीन वर्षांचा मुलगा पहिल्याच अटीवर मोफत ठरतो. ऐंशी वर्षांचे आजोबा दुसऱ्या अटीवर मोफत ठरतात. आठ वर्षांचा मुलगा तिसऱ्या अटीवर थांबतो आणि त्याचे ५० रुपये होतात. सत्तर वर्षांचे काका चौथ्या अटीपर्यंत जातात, त्यांचेही ५०. तीस वर्षांची बाई पाचव्या अटीवर ५० रुपयांना पात्र होते. तीस वर्षांचा पुरुष पाचही अटी ओलांडून शेवटी पूर्ण १०० रुपये देतो.

सहा टेस्ट केसेस, सहाही बरोबर. प्रत्येक ओळ चालली, प्रत्येक अट एकदा खरी आणि एकदा खोटी झाली. आता समजा, हेच फंक्शन दुसऱ्या कुणी लिहिलं आणि चारही चिन्हं चुकवली. `vay < 5` च्या जागी `vay <= 5`, `vay >= 75` च्या जागी `vay > 75`, `vay < 12` च्या जागी `vay <= 12` आणि `vay >= 65` च्या जागी `vay > 65`. एका फंक्शनमध्ये चार चुका. त्याच सहा प्रवाशांना पुन्हा रांगेत उभं केलं तर काय होईल?

सहाच्या सहा टेस्ट पुन्हा पास होतात. तीन वर्षांचा मुलगा `<= 5` मध्येही बसतो, ऐंशीचे आजोबा `> 75` मध्येही बसतात. वाटा सगळ्या चालून झाल्या, पण फाट्याची पाटी नेमक्या कुठल्या वयावर रोवली आहे हे कुणीच पाहिलं नाही. कारण सहाही प्रवासी आपापल्या गटाच्या मधोमध उभे होते. मार्ग किती आहेत हे कॉम्प्लेक्सिटीचा आकडा सांगतो. त्या मार्गावरून कोणत्या वयाचा माणूस पाठवायचा, याबद्दल तो काहीच सांगत नाही.

सीमेवरची माणसं

चुकीचं चिन्ह नेमकं कुठे उघडं पडतं हे शोधलं, की बाउंडरी व्हॅल्यू टेस्टिंग का करतात ते आपोआप कळतं. `vay < 12` आणि `vay <= 12` यांची उत्तरं साऱ्या वयांत फक्त एकाच वयाला वेगळी येतात: १२. अकराला दोन्ही अटी खऱ्या, तेराला दोन्ही खोट्या. पंचाहत्तरीच्या बाबतीतही तसंच, `>=` आणि `>` यांचं जमत नाही ते फक्त ७५ ला. दुसरी नेहमीची चूक आकड्याची असते. कुणी १२ ऐवजी ११ लिहिलं तर ती चूक अकराव्या वर्षीच पकडली जाते. म्हणून प्रत्येक सीमेला दोन माणसं लागतात, एक रेषेवरचा आणि एक रेषेच्या लगेच अलीकडचा: ४ आणि ५, ११ आणि १२, ६४ आणि ६५, ७४ आणि ७५.

इथे ‘लगेच अलीकडचा’ म्हणजे एक वर्षाने लहान, कारण प्रश्नात वय पूर्ण वर्षांत मोजायला सांगितलं आहे. वय महिन्यांत दिलं असतं तर ७४ वर्षं ११ महिन्यांचा प्रवासी घ्यावा लागला असता. शेजारची किंमत किती अंतरावर आहे हे मोजण्याच्या एककावर ठरतं आणि उत्तरपत्रिकेत ते एका वाक्यात लिहिलेलं चांगलं.

या प्रश्नात सर्वाधिक गुण जातात ते एका पाठ सूत्रामुळे. पुस्तकात दिलेलं असतं, की इनपुट n असतील तर बाउंडरी व्हॅल्यूच्या टेस्ट केसेस 4n + 1 होतात. प्रत्येक इनपुटची सर्वांत लहान किंमत, तिच्यापुढची, सर्वांत मोठीच्या अलीकडची आणि सर्वांत मोठी अशा चार, शिवाय सगळी इनपुट मधल्या किमतीवर ठेवून एक. वय ० ते १२० आहे असं वाचून विद्यार्थी झटकन लिहितो: ०, १, ६०, ११९, १२०. तक्ता नेटका दिसतो. पण वर रचलेल्या चार चुकांपैकी एकही यात सापडत नाही. शून्य आणि एक दोघंही मोफत, साठला पूर्ण भाडं, एकशे एकोणीस आणि एकशेवीस पुन्हा मोफत. पाच, बारा, पासष्ट, पंचाहत्तर यांच्या आसपास कुणी फिरकलंच नाही.

सूत्र चुकीचं नाही. एका इनपुटला एकच सलग टप्पा असेल आणि त्यातल्या सगळ्या किमतींना फंक्शन एकसारखं वागवत असेल, तेव्हा ते लागू पडतं. इथे वयाचे पाच टप्पे आहेत: ० ते ४, ५ ते ११, १२ ते ६४, ६५ ते ७४ आणि ७५ ते १२०. आधी हे टप्पे पाडायचे आणि मग प्रत्येक टप्प्याची दोन्ही टोकं घ्यायची, हा योग्य क्रम. टेस्टिंगच्या भाषेत या टप्प्यांना इक्विव्हॅलन्स क्लास म्हणतात. मायर्स यांनी १९७९ च्या ‘द आर्ट ऑफ सॉफ्टवेअर टेस्टिंग’ या पुस्तकातही बाउंडरी व्हॅल्यूंचा विचार या वर्गांच्या कडांना धरूनच मांडला आहे.

बाईंच्या तिकिटावर सीमा पुसली जाते

आठही सीमावर्ती वयं हाती आली. तरी काम संपत नाही, कारण फंक्शनला `mahila` हे दुसरं इनपुट आहे. समजा, विद्यार्थ्याने तक्त्यात सगळीकडे `mahila = 1` लिहिलं. अकरा वर्षांच्या मुलीचे ५० रुपये, बारा वर्षांच्या मुलीचेही ५० रुपये. चौसष्टच्या बाईंचे ५०, पासष्टच्या बाईंचेही ५०. बारा आणि पासष्टच्या सीमा महिलांसाठी अस्तित्वातच नाहीत. पाच ते चौऱ्याहत्तर हा त्यांच्यासाठी एकच लांब टप्पा आहे. `vay <= 12` ही चूक या तक्त्यातून अलगद निसटते. सीमा तपासायची तर बाकीची इनपुट अशी ठेवावी लागतात, की सीमा ओलांडल्याबरोबर उत्तर बदलेल. इथे त्यासाठी `mahila = 0` हवं.

आता उलट बाजू. सगळ्या टेस्ट पुरुष प्रवाशांवर घेतल्या आणि फंक्शन लिहिणारा `|| mahila` लिहायलाच विसरला असेल तर? आठही सीमा बरोबर, निकाल स्वच्छ आणि राज्यातल्या बारा ते चौसष्ट वयाच्या प्रत्येक बाईकडून पूर्ण भाडं घेतलं जाईल. वयाच्या सीमा कितीही बारकाईने तपासल्या तरी हे दिसत नाही. दिसतं ते सहा मार्गांच्या यादीत. वरच्या आठ वयांचे पुरुष सहापैकी कोणकोणत्या मार्गाने गेले हे तपासलं, तर पाच मार्ग भरलेले असतात आणि एक रिकामा राहतो. तो असतो पाचव्या अटीवर निम्म्या भाड्याला पात्र ठरणाऱ्या तीस वर्षांच्या बाईचा. सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी सहा आहे हे माहीत असणारा माणूस हात राखून विचारतो, की सहावा कुठे आहे. तीनवर समाधान मानलेल्याला हा प्रश्नच पडत नाही.

सहा मार्गांनाही न दिसणारी आणखी एक चूक आहे. वय −१ दिलं तर फंक्शन काय करतं? −१ हे पाचपेक्षा कमी आहे, म्हणून मोफत. १२१ दिलं तरी मोफत. प्रश्नात ० ते १२० च्या बाहेरचं वय नाकारायला सांगितलं होतं आणि लिहिणाऱ्याने ती तपासणी केलेलीच नाही. ग्राफ हा लिहिलेल्या कोडचा असतो. जी ओळ लिहिलीच नाही तिचा नोड नाही, बाण नाही आणि मार्गही नाही. ही उणीव नियम वाचून लावलेल्या सीमाच पकडू शकतात. म्हणूनच टेस्ट केसचं अपेक्षित उत्तर कोड चालवून पाहून लिहायचं नसतं, ते नियमावरून लिहायचं असतं. कोडवरून लिहिलं तर −१ समोर शून्य रुपये लिहिलं जाईल आणि चूक ‘पास’ होऊन जाईल.

दोन्ही उत्तरं एकत्र केली, की पूर्ण भाडं १०० धरून यादी अशी होते:

| वय | महिला | अपेक्षित भाडं |
|---|---|---|
| −१, १२१ | ० | नाकारावं |
| ०, ४ | ० | ० |
| ५, ११ | ० | ५० |
| १२, ६४ | ० | १०० |
| ६५, ७४ | ० | ५० |
| ७५, १२० | ० | ० |
| ३० | १ | ५० |
| ५, ७४ | १ | ५० |
| ४, ७५ | १ | ० |

एकूण सतरा टेस्ट केसेस. शेवटच्या दोन ओळी महिलांसाठी उरलेल्या दोन सीमांच्या आहेत. फंक्शन लिहिणाऱ्याने अटींचा क्रम बदलून महिलांची सवलत सगळ्यांत आधी तपासली, तर पंचाहत्तरीच्या आजींना मोफतऐवजी ५० रुपये पडतील. ती चूक ७५ आणि महिला या जोडीने कळते. हे फंक्शन या यादीवर चालवलं तर पंधरा टेस्ट पास होतात आणि दोन नापास. नापास होणाऱ्या दोन म्हणजे −१ आणि १२१.

तपासणी कोडमध्ये घातली, की दोन अटी वाढतात आणि कॉम्प्लेक्सिटी सहावरून आठवर जाते. मॅकेब यांनी एका फंक्शनसाठी दहा ही कमाल मर्यादा सुचवली होती आणि हा आकडा व्यवहाराला बरा आहे, त्यात जादू काही नाही, हेही त्यांनीच नोंदवलं होतं. आपल्या फंक्शनमध्ये आणखी दोन अटींपुरतीच जागा उरते. तिसरी अट आली की आकडा अकरा होतो. तेव्हा वयावरून गट ठरवण्याचं काम एका वेगळ्या फंक्शनकडे देणं बरं. मग वयाच्या सगळ्या सीमा त्या एका फंक्शनवर तपासता येतात आणि भाड्याच्या फंक्शनला फक्त गट आणि सवलत बघावी लागते.

या सतराही टेस्टमध्ये पूर्ण भाडं १०० आहे, हेही विसरून चालणार नाही. ४५ रुपयांच्या तिकिटाचं निम्मं किती? सी भाषेत `45 / 2` चं उत्तर २२ येतं, अर्धा रुपया गळून पडतो. या गळतीला ग्राफमध्ये फाटा नाही आणि वयाच्या रेषेवर सीमाही नाही. ती पाहायची तर निदान एका निम्म्या भाड्याच्या टेस्टमध्ये विषम रक्कम घालावी लागते. तिथे अपेक्षित उत्तर २२ की २३ हे नियमाने सांगायला हवं. प्रश्नपत्रिकेत तो नियम दिलेला नसेल, तर विद्यार्थ्याने तक्त्याच्या खाली आपण कोणतं गृहीत धरलं ते एका ओळीत लिहावं आणि त्याप्रमाणे अठरावी टेस्ट केस जोडावी.